सिंक्रोनस मोटरचा व्ही-कर्व्ह आणि कारखान्याला मिळणारी रिॲक्टिव्ह पॉवर

सिंक्रोनस मोटरच्या पॅनेलवर दोन अँमीटर असतात. एक स्टेटरचा, म्हणजे सप्लायमधून मोटर घेत असलेला एसी करंट दाखवणारा, आणि दुसरा फील्डचा, म्हणजे रोटरच्या वाइंडिंगला दिलेला डीसी करंट दाखवणारा. मोटरवरचा यांत्रिक भार जराही न बदलता फील्ड करंट शून्याच्या बाजूने हळूहळू वाढवत नेला, तर स्टेटरचा काटा आधी खाली येतो, एका ठिकाणी सर्वांत कमी होतो आणि नंतर पुन्हा वर चढू लागतो. आडव्या अक्षावर फील्ड करंट आणि उभ्या अक्षावर स्टेटर करंट घेऊन ही नोंद कागदावर मांडली, की इंग्रजी व्ही अक्षरासारखी आकृती तयार होते. डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग जवळपास प्रत्येक विद्युत अभियंत्याने केलेला असतो. मात्र त्या आकृतीची उजवी बाजू कारखान्यात काय कामाला येते, तिची किंमत काय आणि ती कुठे थांबते, हे जर्नलमध्ये क्वचितच लिहिलेले असते. हा लेख त्या उजव्या बाजूविषयी आहे.

आधी आकृती व्हीसारखीच का येते ते पाहू. मोटरचा स्टेटर सप्लायला जोडलेला असतो आणि सप्लायचा व्होल्टेज आपल्या हातात नसतो. व्होल्टेज ठरलेला असला की स्टेटर आणि रोटर यांच्यामधल्या हवेच्या फटीत किती चुंबकीय फ्लक्स असायला हवा, हेही जवळजवळ ठरून जाते, कारण त्या फ्लक्समुळे निर्माण होणारा व्होल्टेज सप्लायच्या व्होल्टेजला तोलून धरतो. इंडक्शन मोटरमध्ये हा फ्लक्स निर्माण करण्याचे सगळे काम स्टेटरलाच करावे लागते, आणि त्यासाठी ती सप्लायमधून जो चुंबकन करंट घेते तोच तिचा लॅगिंग करंट असतो. सिंक्रोनस मोटरमध्ये मात्र हे काम करायला रोटरवरचे डीसी फील्डही हजर असते. फील्ड करंट कमी असेल, तर फ्लक्समध्ये पडलेली तूट स्टेटर सप्लायमधून लॅगिंग करंट घेऊन भरून काढतो. फील्ड करंट नेमका पुरेसा असेल, तर स्टेटरला केवळ यांत्रिक काम करण्यापुरताच करंट घ्यावा लागतो, पॉवर फॅक्टर एक होतो आणि स्टेटरचा काटा सर्वांत खाली येतो. फील्ड करंट त्याहून जास्त दिला, तर फ्लक्स वाढू पाहतो. पण व्होल्टेज ठरलेला असल्यामुळे तो वाढू शकत नाही, म्हणून स्टेटरमध्ये असा करंट वाहू लागतो की ज्याचा परिणाम त्या जादा चुंबकत्वाला मारक ठरतो. हा लीडिंग करंट होय.

मोटर लीडिंग करंट घेते असे म्हणणे आणि मोटर रिॲक्टिव्ह पॉवर देते असे म्हणणे, या एकाच घटनेच्या दोन मांडण्या आहेत. शेजारच्या इंडक्शन मोटरींना जो लॅगिंग करंट हवा असतो तो ही मोटर त्याच बसवर पुरवते, आणि त्यामुळे तेवढा करंट ट्रान्सफॉर्मर आणि वीज कंपनीच्या लाइनवरून यावा लागत नाही. फील्ड गरजेपेक्षा जास्त ठेवण्याच्या या स्थितीला ओव्हर-एक्सायटेशन म्हणतात, आणि व्हीची उजवी बाजू म्हणजे हीच स्थिती.

आता आकड्यांत उतरू. उदाहरण म्हणून ६.६ केव्ही, ५० हर्ट्झवर चालणारी, १६ पोलची, म्हणजे मिनिटाला ३७५ फेऱ्यांची एक मोटर घेऊ. खत कारखाने आणि रिफायनऱ्यांत मोठे, सावकाश फिरणारे रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर अशा मोटरींवर चालवले जातात. त्यामागे एक साधे कारण आहे: पोल जितके जास्त, तितका इंडक्शन मोटरचा चुंबकन करंट जास्त आणि पॉवर फॅक्टर खराब, त्यामुळे कमी वेगाच्या कामाला सिंक्रोनस मोटर अधिक शोभते. आपली मोटर पूर्ण भारावर सप्लायमधून १६०० किलोवॅट घेते असे धरू. तिच्या नेमप्लेटवर पॉवर फॅक्टर ०.८ लीडिंग लिहिलेला आहे, त्यामुळे तिचे रेटिंग २००० केव्हीए आणि पूर्ण स्टेटर करंट १७५ अँपिअर होतो. तिचा सिंक्रोनस रिॲक्टन्स रेटिंगच्या आधारावर १.२ पर युनिट आहे, आणि रिकामी फिरत असताना स्टेटरवर नेमका ६.६ केव्ही निर्माण करायला तिला १०० अँपिअर फील्ड करंट लागतो. हिशेब सोपा राहावा म्हणून स्टेटरचा रोध, लोखंडाची संपृक्तता आणि पोलच्या आकारामुळे पडणारा फरक सोडून देऊ. खऱ्या मोटरमध्ये संपृक्ततेमुळे उजव्या बाजूचे फील्ड करंट येथे येतील त्यापेक्षा जास्त असतात, म्हणून प्रत्यक्ष काम करताना उत्पादकाने दिलेले कर्व्हच प्रमाण मानावेत.

सगळा हिशेब दोन सूत्रांवर चालतो:

```
P = (E × V / X) × sin δ
Q = (V / X) × (E × cos δ − V)
```

यात `V` हा सप्लायचा व्होल्टेज, `E` हा फील्डमुळे मोटरच्या आत निर्माण होणारा व्होल्टेज, `X` हा सिंक्रोनस रिॲक्टन्स आणि `δ` हा लोड अँगल आहे, म्हणजे भारामुळे रोटर जितका मागे पडतो तो कोन. `P` म्हणजे मोटर घेत असलेली खरी पॉवर आणि `Q` म्हणजे मोटर बसला देत असलेली रिॲक्टिव्ह पॉवर. `Q` ऋण आला तर मोटर ती घेत आहे असे समजावे. भार बदलत नाही म्हणजे `P` बदलत नाही, आणि म्हणून फील्ड वाढवले, म्हणजे `E` वाढला, तर `sin δ` कमी व्हावाच लागतो. थोडक्यात, फील्ड वाढवल्याने मोटरचे काम वाढत नाही, रोटर फक्त कमी मागे पडतो आणि `Q` वाढतो.

पूर्ण भारावर या सूत्रांतून येणारे आकडे असे आहेत. फील्ड करंट १३९ अँपिअर असताना पॉवर फॅक्टर एक होतो आणि स्टेटर करंट १४० अँपिअर असतो. हा व्हीचा तळ झाला. फील्ड १६० अँपिअरवर नेले की स्टेटर करंट १४६ अँपिअर होतो आणि मोटर बसला ४६७ केव्हीएआर देऊ लागते. फील्ड १९७ अँपिअरवर नेले की स्टेटर करंट १७५ अँपिअरला, म्हणजे रेटिंगला पोचतो आणि मोटर १२०० केव्हीएआर देते. आता तळाच्या डावीकडे जाऊ. फील्ड १२० अँपिअरवर आणले की स्टेटर करंट पुन्हा १४६ अँपिअरच होतो, पण या वेळी मोटर ४६७ केव्हीएआर घेत असते. फील्ड १०० अँपिअरवर आणले की स्टेटर करंट पुन्हा १७५ अँपिअर होतो आणि मोटर १२०० केव्हीएआर घेत असते.

स्टेटरच्या अँमीटरवर १७५ हा आकडा दिसला म्हणजे मोटर कारखान्याला उत्तम मदत करत आहे असेही होऊ शकते, आणि ती कारखान्यावर मोठा बोजा टाकत आहे असेही होऊ शकते. दोन्हींत फरक २४०० केव्हीएआरचा आहे. म्हणून या मोटरच्या पॅनेलवर पॉवर फॅक्टर मीटर किंवा केव्हीएआर मीटर अत्यावश्यक असतो. तो बंद पडलेला असेल, तर बाजू ओळखायची पद्धत अशी: भार स्थिर असताना फील्ड करंट दोन-तीन अँपिअरने वाढवावा. स्टेटर करंट वाढला तर मोटर उजव्या बाजूला आहे, आणि घटला तर डाव्या बाजूला आहे. ही तपासणी फील्ड वाढवूनच करावी, कमी करून करू नये, आणि त्याचे कारण डाव्या बाजूच्या टोकाला दडलेले आहे.

१०० अँपिअर फील्डवर आपल्या मोटरचा लोड अँगल सुमारे ७४ अंश झालेला असतो. हा कोन ९० अंशांच्या पुढे गेला की रोटरवरचा टॉर्क वाढण्याऐवजी घटू लागतो आणि मोटर सिंक्रोनिझममधून बाहेर पडते. आपल्या हिशेबात पूर्ण भारावर ही सीमा ९६ अँपिअरला येते, म्हणजे १०० आणि ९६ यांत केवळ चार अँपिअरचे अंतर उरते. शिवाय रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरचा टॉर्क प्रत्येक फेरीत कमी-जास्त होत असल्यामुळे लोड अँगल सतत हलत असतो, आणि सप्लायचा व्होल्टेज क्षणभर बसला तरी सीमा आणखी जवळ येते. याउलट १९७ अँपिअरवर लोड अँगल सुमारे २९ अंशच असतो. ओव्हर-एक्सायटेशनचा हा दुसरा फायदा केव्हीएआरच्या चर्चेत अनेकदा विसरला जातो: उजव्या बाजूला चालणारी मोटर भाराचा धक्का आणि व्होल्टेजची घसरण अधिक सहजपणे सोसते.

भार कमी केला तर संपूर्ण व्ही खाली आणि किंचित डावीकडे सरकतो. आपल्या मोटरचा पॉवर फॅक्टर एक होण्यासाठी रिकामी असताना १०० अँपिअर, अर्ध्या भारावर १११ अँपिअर आणि पूर्ण भारावर १३९ अँपिअर फील्ड लागते. हे तळाचे बिंदू जोडणारी रेषा उजवीकडे झुकलेली दिसते. तिचा व्यवहारातला अर्थ असा, की फील्ड एकाच जागी ठेवून भार वाढवला तर मोटर लीडिंगकडून लॅगिंगकडे सरकते. १२० अँपिअर फील्डवर अर्ध्या भाराला ही मोटर थोडे केव्हीएआर देत असते, आणि त्याच फील्डवर पूर्ण भाराला ४६७ केव्हीएआर घेऊ लागते. फील्डचा रिओस्टॅट एकदा लावून विसरून जाण्याची सवय म्हणूनच चांगली नाही.

आता या मोटरला कारखान्यात बसवू. मोटर सोडून कारखान्याचा उरलेला भार ४००० किलोवॅट आहे आणि तो बहुतांश इंडक्शन मोटरींचा असल्यामुळे ०.८ लॅगिंग पॉवर फॅक्टरवर चालतो, असे धरू. त्याला ३००० केव्हीएआर लागतात. कॉम्प्रेसरवरही तेवढीच मंद गतीची इंडक्शन मोटर असती आणि तिचाही पॉवर फॅक्टर ०.८ असता, तर एकूण ५६०० किलोवॅट आणि ४२०० केव्हीएआर झाले असते, म्हणजे ७००० केव्हीए आणि इनकमरवर ६१२ अँपिअर. त्या जागी सिंक्रोनस मोटर आली आणि ती पॉवर फॅक्टर एकवर चालवली, तर ३००० केव्हीएआर उरतात, डिमांड ६३५३ केव्हीएवर येते, इनकमरवर ५५६ अँपिअर राहतात आणि कारखान्याचा पॉवर फॅक्टर ०.८८ होतो. हीच मोटर १९७ अँपिअर फील्डवर चालवली, तर सप्लायमधून फक्त १८०० केव्हीएआर घ्यावे लागतात, डिमांड ५८८२ केव्हीए, इनकमरवर ५१५ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.९५ होतो. येथे एक गोष्ट नीट पाहावी: मोटरचा स्वतःचा करंट १४० वरून १७५ अँपिअर झाला, म्हणजे ३५ अँपिअरने वाढला, तरीही इनकमरचा करंट ४१ अँपिअरने घटला. मोटरच्या केबलपुरताच विचार करणाऱ्याला यात तोटा दिसतो आणि ट्रान्सफॉर्मरकडे पाहणाऱ्याला फायदा.

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच युनिटवर बिल आकारले जाते, त्यामुळे या फरकाचा संबंध आता डिमांड चार्जपुरता राहिलेला नाही. केव्हीए कमी झाले की प्रत्येक तासाला बिलात धरली जाणारी युनिट थेट कमी होतात. वर काढलेली घट ४७१ केव्हीएची आहे; मात्र ती फुकट मिळत नाही, आणि सिंक्रोनस मोटर फुकटात पॉवर फॅक्टर सुधारते हे जे विधान सर्रास ऐकू येते ते मला पटत नाही.

खर्च दोन ठिकाणी होतो. स्टेटर करंट १४० वरून १७५ अँपिअर झाला की स्टेटरमधली तांब्याची हानी वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ५६ टक्क्यांनी वाढते. तळाला ती १२ किलोवॅट धरली, तर १९७ अँपिअर फील्डवर ती १८.७५ किलोवॅट होते. फील्ड वाइंडिंगचा गरम असतानाचा रोध ०.७ ओहम धरला, तर फील्डमधली हानी १३९ अँपिअरवर १३.५ किलोवॅट असते आणि १९७ अँपिअरवर ती दुप्पट, म्हणजे सुमारे २७ किलोवॅट होते. दोन्ही मिळून १२०० केव्हीएआरसाठी सुमारे २० किलोवॅट जादा खर्च होतात. एक्सायटरमध्ये होणारी हानी यात धरलेली नाही. त्यातही पहिले ४६७ केव्हीएआर साडेपाच किलोवॅटच्या आत मिळतात, आणि उरलेल्या ७३३ केव्हीएआरसाठी जवळजवळ पंधरा किलोवॅट मोजावे लागतात. म्हणजे तळापासून जितके दूर जावे तितका प्रत्येक केव्हीएआर महाग होत जातो.

हे २० किलोवॅट भारात मिळवले तरी कारखान्याची डिमांड ५९०० केव्हीएच्या आसपासच राहते, म्हणजे निव्वळ बचत ४५० केव्हीएची होते. तेव्हा ओव्हर-एक्सायटेशन निश्चितच फायद्याचे आहे. पण तेवढ्याच केव्हीएआरचा कपॅसिटर बँक आपल्या या २० किलोवॅटच्या तुलनेत फारच थोडी हानी करतो, त्याच्यासोबत हार्मोनिक्ससाठी रिॲक्टर लावला तरीही. यावरून निघणारा निर्णय स्पष्ट आहे: केवळ रिॲक्टिव्ह पॉवर हवी म्हणून सिंक्रोनस मोटर विकत घेणे सहसा परवडत नाही, मात्र कॉम्प्रेसर किंवा मिलसाठी ती मोटर आधीच बसवलेली असेल आणि तिचे रेटिंग ०.८ लीडिंगचे असेल, तर तिचे फील्ड १३९ अँपिअरवर ठेवून शेजारी कपॅसिटर विकत घेणे हाही पैशाचा अपव्ययच आहे. रेटिंग किती पॉवर फॅक्टरचे आहे हे येथे निर्णायक ठरते. पॉवर फॅक्टर एकसाठी बनवलेल्या मोटरमध्ये पूर्ण भारावर स्टेटर आणि फील्ड दोन्ही आपापल्या मर्यादेला टेकलेले असतात आणि तिच्याकडून केव्हीएआर मागण्यास जागाच नसते. ती भार कमी झाला तरच काही देऊ शकते. ०.८ लीडिंगची मोटर त्याच किलोवॅटसाठी आकाराने मोठी आणि किमतीने महाग असते, कारण ती क्षमता तिच्यात आधीच विकत घेतलेली असते.

कपॅसिटरच्या तुलनेत मोटरची एक बाजू मात्र नक्कीच वरचढ आहे. कपॅसिटर देतो ते केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतात, म्हणून बसचा व्होल्टेज ५ टक्क्यांनी घसरला की १२०० केव्हीएआरचा बँक १०८३ केव्हीएआरच देतो, म्हणजे जेव्हा आधाराची गरज वाढते तेव्हाच तो मागे हटतो. आपली मोटर १९७ अँपिअर फील्ड कायम ठेवून त्याच घसरलेल्या व्होल्टेजवर ११७३ केव्हीएआर देत राहते. अर्थात त्या वेळी तिचा स्टेटर करंट १८३ अँपिअर झालेला असतो, म्हणजे रेटिंगच्या चार टक्के वर; असा व्होल्टेज तासन्‌तास टिकणार असेल तर फील्ड थोडे कमी करणे भाग आहे.

यावरून आपण मोटरच्या मर्यादांकडे येतो. उजवीकडे जाताना दोन कुंपणे आहेत. एक स्टेटर करंटचे, आपल्या मोटरसाठी १७५ अँपिअर, आणि दुसरे फील्ड करंटचे, १९७ अँपिअर. पूर्ण भारावर दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात, कारण नेमप्लेट त्याच बिंदूसाठी लिहिलेली असते. भार कमी झाला की मात्र ती वेगळी होतात. मोटर रिकामी आहे, स्टेटर मोकळा आहे, तेव्हा तिचे सगळे २००० केव्हीए केव्हीएआरच्या रूपात मिळतील, असा समज बऱ्याच ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. १९७ अँपिअर फील्डवर आपली मोटर रिकामी असताना सुमारे १६१७ केव्हीएआर आणि अर्ध्या भारावर सुमारे १५१७ केव्हीएआर देते. स्टेटरमध्ये जागा शिल्लक असते, पण फील्ड वाइंडिंग आधीच पूर्ण तापलेले असते. स्टेटरचा अँमीटर पाहून फील्ड वाढवत जाणारा ऑपरेटर अशा वेळी रोटर जाळू शकतो आणि स्टेटरच्या पॅनेलवर त्याचा कोणताही इशारा दिसत नाही.

स्लिप रिंग असलेल्या मोटरमध्ये रोटरचे तापमान ओळखण्याची सोपी सोय आहे. स्लिप रिंगवरच्या व्होल्टेजला फील्ड करंटने भागले की वाइंडिंगचा रोध मिळतो, आणि तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठराविक प्रमाणात वाढतो. समजा थंड असताना, २५ अंश सेल्सिअसला हा रोध ०.५५ ओहम मोजला होता आणि आता तो ०.७० ओहम भरतो. तर तापमान असे निघते:

```
T = (0.70 / 0.55) × (234.5 + 25) − 234.5 ≈ 96 °C
```

हे संपूर्ण वाइंडिंगचे सरासरी तापमान आहे. सर्वांत तापलेली जागा याहून गरम असते, हे ध्यानात ठेवून इन्सुलेशनच्या क्लासशी तुलना करावी. व्होल्टेज मोजताना ब्रशवर पडणारा व्होल्टेज त्यात येऊ नये याचीही काळजी घ्यावी. ब्रशलेस मोटरमध्ये मात्र ही सोय नसते. तिथे पॅनेलवर जो फील्ड करंट दिसतो तो शाफ्टवर बसवलेल्या छोट्या एक्सायटरचा, थोड्याच अँपिअरचा असतो, आणि रोटरच्या मुख्य वाइंडिंगमधला करंट शाफ्टबरोबर फिरणाऱ्या डायोडमधून जात असल्यामुळे मीटरवर येतच नाही. अशा मोटरसाठी त्याच भाराला आणि त्याच केव्हीएआरला एक्सायटरचा करंट किती लागतो याची नोंद ठेवणे उपयोगी पडते. काही महिन्यांनी त्याच स्थितीला तो स्पष्टपणे जास्त लागू लागला, तर फिरणाऱ्या डायोडपैकी एखादा निकामी झाल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

फील्ड पूर्णच गेले तर काय होते, हेही पाहणे आवश्यक आहे, कारण कारखाना मोटरच्या केव्हीएआरवर विसंबू लागला की या बिघाडाचे वजन वाढते. १२०० केव्हीएआर देणारी मोटर ते देणे थांबवते एवढ्यावर हे संपत नाही. फ्लक्ससाठी लागणारा सगळा चुंबकन करंट आता स्टेटर सप्लायमधून घेऊ लागतो आणि आपल्या मोटरसाठी तो किमान १६६७ केव्हीएआर होतो. म्हणजे बसवर एका क्षणात जवळजवळ २९०० केव्हीएआरचा फरक पडतो. भार असलेली मोटर फील्डविना सिंक्रोनिझममध्ये टिकत नाही. ती मागे पडून इंडक्शन मोटरसारखी फिरू लागते आणि स्टेटर करंट आणखी वाढतो. पोलच्या तोंडावर बसवलेले डॅम्पर वाइंडिंग सुरू होतानाच्या काही सेकंदांसाठी बनवलेले असते, ते या स्थितीत लवकर तापते. पॅनेलवर याची खूण अगदी स्पष्ट असते: पॉवर फॅक्टर मीटर एकदम लॅगिंगच्या टोकाला जातो, आणि स्टेटरच्या अँमीटरचा काटा एका जागी न राहता स्लिपच्या लयीत मागे-पुढे झुलू लागतो. काटा झुलताना दिसेपर्यंत वाट पाहण्याची वेळ येऊ नये म्हणून फील्ड गेल्याचे ओळखणारा रिले आणि पॉवर फॅक्टरवर चालणारा पुल-आउट रिले लावलेले असतात. फील्ड रिओस्टॅटच्या हाताळणीत मोटर ट्रिप होते म्हणून हे रिले बायपास करून ठेवणे म्हणजे डॅम्पर वाइंडिंगची बळी देण्याची तयारी करणे होय.

शेवटचा मुद्दा फील्ड कोणत्या आकड्याकडे पाहून ठरवायचे याचा आहे. स्वयंचलित एक्सायटेशन रेग्युलेटरला साधारणपणे तीन प्रकारे काम देता येते: फील्ड करंट स्थिर ठेव, मोटरचा पॉवर फॅक्टर स्थिर ठेव, किंवा बसवरचे केव्हीएआर अथवा व्होल्टेज सांभाळ. फील्ड स्थिर ठेवण्याची पद्धत सर्वांत साधी आहे आणि व्होल्टेज घसरताना ती मोटरला धरून ठेवते, पण कारखान्याचा भार बदलला की ती आंधळी ठरते. रविवारी अर्धा कारखाना बंद आहे, उरलेला भार १००० किलोवॅट आणि ७५० केव्हीएआरचा आहे, कॉम्प्रेसर अर्ध्या भारावर म्हणजे ८०० किलोवॅटवर चालला आहे आणि फील्ड आठवडाभराच्या सवयीने १९७ अँपिअरवरच आहे, असे समजा. मोटर १५१७ केव्हीएआर देते, कारखान्याला ७५० लागतात आणि उरलेले ७६७ केव्हीएआर उलट दिशेने लाइनवर जातात. एकूण १८०० किलोवॅटसाठी १९५७ केव्हीए मोजले जातात, पॉवर फॅक्टर ०.९२ लीडिंग होतो, बसचा व्होल्टेज वर चढतो, आणि केव्हीएएच बिलात लीडिंग बाजूची रिॲक्टिव्ह युनिटही धरली जात असल्यामुळे भरलेल्या वीज बिलात त्याचा भुर्दंड दिसतो. याच स्थितीला १५३ अँपिअर फील्ड नेमके पुरेसे झाले असते.

मोटरचा पॉवर फॅक्टर ०.८ लीडिंगवर स्थिर ठेवणारा रेग्युलेटरही येथे पूर्ण उपयोगाचा नाही, कारण तो मोटरच्या किलोवॅटकडे पाहून केव्हीएआर ठरवतो, कारखान्याच्या गरजेकडे पाहून नाही: भार अर्धा झाला की तो केव्हीएआरही अर्धे करून ६०० वर आणतो, मग कारखान्याला ते जास्त हवे असोत वा कमी. म्हणून ज्या कारखान्यात ही मोटर बाकीच्या भारासाठी वापरायची आहे, तिथे रेग्युलेटरचा करंट ट्रान्सफॉर्मर मोटरच्या केबलवर नव्हे तर इनकमरवर असावा, आणि त्याला इनकमरवरचा पॉवर फॅक्टर एकच्या किंचित लॅगिंग बाजूला, समजा ०.९९ ला ठेवण्याचे काम द्यावे. त्याच्या वर फील्ड करंटची कमाल मर्यादा आणि स्टेटर करंटची कमाल मर्यादा अशा दोन लिमिटर असाव्यात, आणि तळाशी, मोटर डाव्या बाजूला घसरू नये म्हणून, किमान फील्डची मर्यादा असावी. आपल्या मोटरसाठी ही किमान मर्यादा ९६ च्या जवळ न ठेवता पूर्ण भाराच्या तळाशी, म्हणजे सुमारे १३९ अँपिअरवर ठेवणे मला योग्य वाटते. रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरच्या हेलकाव्यांसाठी तेवढी जागा हवीच, आणि अर्ध्या भारावर त्यामुळे काही केव्हीएआर जादा आले तरी ते इंडक्शन मोटरींना बहुधा लागतातच.